भिंतीवर चढलेला साबण

वर्ध्याहून सावंगी (मेघे) कडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या दिसू लागतात. 1990 साली इथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याच्या जोडीला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय उभे राहिले, आणि गावाचा चेहरा बदलला. विद्यार्थी, परिचारिका, निवासी डॉक्टर, आठ-पंधरा दिवस मुक्काम ठोकणारे रुग्णांचे नातेवाईक, अशी सतत येणारी-जाणारी माणसे इथल्या वसतिगृहांत आणि खोल्यांत राहतात. अशा गावात एकेका न्हाणीघरात रोज चार-पाच आंघोळी होतात. वर्ष-दोन वर्षांत तिथल्या टाइल्सवर एक दुधट, मेणचट थर चढतो. पाणी मारले की तो दिसेनासा होतो, वाळला की पुन्हा उमटतो. घासणारी व्यक्ती म्हणते, "घासून घासून हात दुखले, पण हे निघूनच नाही राह्यलं!"

निघत नाही याचे कारण त्या थराच्या घडणीत आहे. तो धुळीचा, शेवाळाचा किंवा अंगाच्या मळाचा थर नाही. तो साबणच आहे, पण पाण्यात न विरघळणारा साबण. त्याची सुरुवात न्हाणीघरात होतही नाही. ती होते जमिनीखाली, बोअरवेलच्या पाण्यात.

वर्धा जिल्हा जवळजवळ सगळा काळ्या पाषाणावर बसला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर पसरत गेला आणि त्यातून दख्खनचा बसाल्ट तयार झाला. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली दगड. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना मुळांनी आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड सोबत घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. हे पाणी दगडाच्या भेगांतून सावकाश वाहताना त्यातल्या खनिजांमधून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवून आणते. विहिरीत किंवा बोअरमध्ये येईपर्यंत ते जड झालेले असते. वर्धा शहराला मिळणारे धाम नदीचे पाणीही याच दगडावरून येते, पण पावसाच्या ताज्या पाण्याचा वाटा असल्यामुळे नदीचे पाणी साधारणपणे बोअरच्या पाण्याइतके जड नसते. म्हणून एकाच गल्लीत नळाचे पाणी वापरणाऱ्या घरातल्या टाइल्स जरा बऱ्या असतात आणि बोअरवर चालणाऱ्या इमारतीतल्या पांढऱ्या पडलेल्या असतात.

पाण्याचा हा जडपणा मोजण्याची पहिली रीत साबणावरच आधारलेली होती. स्कॉटलंडचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस क्लार्क यांनी 1841 च्या सुमारास पाणी मृदू करण्याची पद्धत शोधली. ठरावीक ताकदीचे साबणाचे द्रावण पाण्यात थेंबाथेंबाने घालायचे आणि टिकाऊ फेस यायला किती द्रावण लागले ते पाहायचे, ही मोजणीही त्यांचीच. घरी याची साधी आवृत्ती करता येते. पारदर्शक बाटली एक तृतीयांश बोअरच्या पाण्याने भरावी, आंघोळीच्या साबणाचा नखाएवढा किस त्यात टाकावा आणि जोरात हलवावी. दुसऱ्या बाटलीत पावसाचे किंवा आरओचे पाणी घेऊन तेच करावे. दुसऱ्या बाटलीत भरपूर फेस येतो आणि खालचे पाणी बरेचसे स्वच्छ राहते. पहिल्या बाटलीत फेस लगेच बसतो, पाणी दह्याच्या निवळीसारखे गढूळ होते आणि बाटलीच्या काचेला आतून पांढरे कण चिकटतात. भिंतीवर जे बसले आहे, ते हेच कण.

साबण म्हणजे तेलातली चरबीची आम्ले आणि सोडियम यांचे मीठ. फ्रान्सच्या मिशेल शेव्रल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चरबी आणि साबणाची ही घडण उलगडली. सोडियमचा साबण पाण्यात विरघळतो. पण जड पाण्यातले कॅल्शियम समोर आले की चरबीचे आम्ल सोडियमला सोडून कॅल्शियमला धरते. हा कॅल्शियमचा साबण पाण्यात विरघळत नाही, फेस देत नाही आणि जिथे पडेल तिथे मेणासारखा चिकटतो.

हे किती प्रमाणात होते, ते हिशेबाने पाहिले की नवल वाटते. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेता येते. समजा, एखाद्या बोअरच्या पाण्याचा जडपणा या दोन आकड्यांच्या मधे, 300 मिलिग्रॅम आहे. अशा पाण्याच्या वीस लिटरच्या बादलीत जेवढे कॅल्शियम असते, ते जवळजवळ 36 ग्रॅम शुद्ध साबण निकामी करू शकते. म्हणजे शंभर ग्रॅमच्या वडीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग. आंघोळीला आपण एवढा साबण वापरत नाही, चार-पाच ग्रॅम पुरतो. अंगावर फेस येतो, कारण तिथे साबण भरपूर आणि पाणी थोडे असते. पण मग्ग्याने अंगावर पाणी ओतले की डाव उलटतो. आता पाणी भरपूर आणि साबण थोडा, म्हणून त्या चार-पाच ग्रॅममधला जवळजवळ सगळा साबण कॅल्शियमच्या साबणात बदलू शकतो. बराचसा मोरीतून वाहून जातो. जो उडून टाइलवर पडतो, तो तिथेच राहतो.

वर्ध्याला साबणाचा स्वतःचा इतिहास आहे. 1934 च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीतून त्याचे काम जे. सी. कुमारप्पा यांनी चालवले. तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन यांच्या सोबत साबण करण्याचे शिक्षणही तिथे चाले. त्या साबणाचीही जड पाण्याशी गाठ पडतच असणार. पण तेव्हाच्या न्हाण्यांत असा पांढरा थर कोणाच्या डोळ्यांत खुपत नसे, याची कारणे सरळ आहेत. न्हाणी बहुधा उघडी, दगडाची किंवा खडबडीत सिमेंटची असे. तिच्यावर ऊन पडे. साबणही रोज आणि भरपूर वापरला जात नसे. पुढे 1959 साली सर्फ आणि 1969 साली निरमा बाजारात आली आणि धुणे साबणाकडून डिटर्जंटकडे गेले. डिटर्जंटचे रेणू कॅल्शियमशी असा चिकट थर करत नाहीत, म्हणून धुण्याच्या दगडावरचा पांढरा साका कमी झाला. अंगाला मात्र आपण आजही साबणच लावतो. आणि आता भिंत चकचकीत, बंद खोलीतली, ऊन न लागणारी. साका होता तो तसाच राहिला, फक्त दगडावरून टाइलवर आला.

घासायला सुरुवात करण्याआधी भिंत जवळून पाहावी. बहुतेक ठिकाणी तिच्यावर दोन वेगळे थर असतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. भिंत कोरडी असताना नखाने हलकेच खरवडावे. नखात मऊ, मेणासारखा चुरा आला आणि ओल्या बोटाला जागा गुळगुळीत, चिकट लागली, तर तो साबणाचा थर. नखाला काहीच आले नाही, बोटाला खरखरीत लागले आणि थेंबांच्या आकाराचे पांढरे ठिपके किंवा ओघळ दिसले, तर ते पाणी वाळून मागे राहिलेले क्षार, म्हणजे मुख्यतः चुनखडीच. खात्री करायची असेल तर लिंबाचे दोन थेंब टाकावेत. क्षारावर बारीक बुडबुडे येतात, साबणाच्या थरावर येत नाहीत. नळाच्या बुडाशी, शॉवरच्या भोकांभोवती आणि गिझरच्या तोटीखाली क्षार जास्त असतात, कारण गरम पाण्यातून चुनखडी लवकर सुटते. बादलीशेजारच्या भिंतीवर साबण जास्त.

सावंगीतल्या बहुतेक खोल्यांत शॉवर असला तरी आंघोळ बादली-मग्ग्यानेच होते. त्यामुळे थराची जागाही ठरलेली असते. बादली ठेवायच्या कोपऱ्यात, घोट्यापासून कमरेपर्यंत तो सगळ्यात जाड. जिथे शॉवरखाली उभे राहून आंघोळ होते, तिथे तो खांद्यापर्यंत चढतो. सगळी भिंत घासायची गरज सहसा पडत नाही. तिरपा प्रकाश पाडून, मोबाइलचा टॉर्च भिंतीला लावून पाहिले की थराची हद्द स्पष्ट दिसते.

अशा भिंतीवर बहुतेक जण तीन गोष्टी करून पाहतात आणि तिन्ही निकामी ठरतात. पहिली, कपड्याच्या साबणाने घासणे. खऱ्या साबणाची वडी असेल तर त्याच जड पाण्यात तिचाही तोच थर होतो. वर दिसणारा थोडा निघतो आणि नवा बसतो. दुसरी, फिनाईल. फिनाईल जंतूंसाठी आहे, कॅल्शियमच्या साबणावर त्याचे काही चालत नाही. तिसरी, खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेसाळते मिश्रण लावणे. फेस पाहून वाटते की काम जोरात चालले आहे. प्रत्यक्षात आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात, फेस म्हणजे निघून जाणारा कार्बन डायऑक्साइड, आणि मागे उरते ते खारे पाणी. दोन्ही चांगल्या वस्तू, पण एकत्र आल्या की वाया.

काम करते ते सौम्य आम्ल आणि भांडी धुण्याचे लिक्विड यांची जोडी. आम्ल कॅल्शियमला चरबीच्या आम्लापासून तोडते. पण एवढ्याने भिंत साफ होत नाही, आणि नुसते व्हिनेगर लावून कंटाळलेल्यांची फसगत इथेच होते. कॅल्शियम सुटल्यावर मागे चरबीचे आम्ल उरते, ज्यात मेणबत्तीत वापरतात ते स्टिअरिक आम्लही असते. ते पाण्याने वाहत नाही. त्याला उचलून पाण्यात धरून ठेवायला डिटर्जंट लागते, आणि भांड्याचे लिक्विड हे डिटर्जंटच आहे; त्यातले रेणू जड पाण्यातही नीट काम करतात. धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून भिंतीला लावला तरी थर सैल होतो, पण त्यातून पुन्हा साबण तयार होतो आणि जड पाण्याने धुताना त्याचा थोडा भाग परत बसतो. म्हणून सोड्यापेक्षा ही जोडी बरी.

आम्ल कोणते? लिंबू चालते, पण एका भिंतीसाठी फार लिंबे लागतात आणि उन्हाळ्यात विदर्भात लिंबू कडाडलेले असते. व्हिनेगर किराणा दुकानात मिळते, त्यात साधारण चार टक्के ॲसिटिक आम्ल असते. चालते, पण बंद न्हाणीत त्याचा वास बराच वेळ रेंगाळतो. सगळ्यात सोयीचे लिंबूसत, म्हणजे सायट्रिक आम्लाचे पांढरे खडे. किराण्यात सुटे मिळतात, वास नाही, हवे तेवढेच पाण्यात घालता येतात.

आता एका न्हाणीघराचा पूर्ण हिशेब. चार फूट बाय सहा फुटांचे न्हाणीघर, दोन भिंतींवर कमरेच्या वरपर्यंत, म्हणजे चार फुटांपर्यंत थर. साफ करायचे क्षेत्र सुमारे चाळीस चौरस फूट. यासाठी अर्धा लिटर कोमट पाण्यात 25 ग्रॅम लिंबूसत घ्यावे. जेवणाच्या मोठ्या चमच्याने सपाट दोन चमचे होतात. ते पूर्ण विरघळले की भांड्याचे लिक्विड एक लहान चमचा घालून हलकेच ढवळावे. हे पाच टक्क्यांचे द्रावण झाले. यापेक्षा तीव्र करून काम फारसे लवकर होत नाही, सांध्यांना मात्र त्रास वाढतो.

आधी भिंत साध्या पाण्याने भिजवून घ्यावी. टाइल्समधले सांधे बहुधा पांढऱ्या सिमेंटचे असतात आणि सिमेंट आम्लात हळूहळू झिजते. सांध्यात आधीच पाणी मुरलेले असले की आम्ल आत कमी शिरते. मग स्पंजने किंवा फवारणीच्या बाटलीने द्रावण खालून वर लावत जावे. वरून सुरू केले तर ओघळ खाली उतरून वाळतात आणि त्यांच्या रेघा राहतात. दारामागच्या एका टाइलवर आधी लावून पाहिले तर उत्तम.

आता थांबायचे. दहा ते पंधरा मिनिटे, आणि तेवढ्या वेळात द्रावण वाळू द्यायचे नाही. हीच पायरी सगळ्यात जास्त चुकते. लावले, लगेच घासले, काही झाले नाही, म्हणून सोडून दिले, असे होते. आम्लाला थरात शिरायला वेळ लागतो. वर्ध्याच्या मे महिन्यात तर भिंतच तापलेली असते, पाच मिनिटांत सगळे कोरडे पडते, म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी करावे आणि दर तीन-चार मिनिटांनी पुन्हा थोडे द्रावण लावावे. जाड थर असेल तर द्रावणात भिजवलेले जुने सुती फडके त्या जागेवर चिकटवून ठेवावे. थर सैल झाला की नाही हे बोटाने कळते: आधी गुळगुळीत, घट्ट लागणारी जागा आता निसरडी आणि पिठूळ लागते.

मग मऊ नायलॉनच्या ब्रशने गोल गोल फिरवत घासावे, सांध्यांसाठी जुना टूथब्रश घ्यावा. तारेची घासणी नको. तिने टाइलच्या झिलईवर बारीक चरे पडतात, त्या चऱ्यांत पुढचा थर अधिक घट्ट बसतो आणि तुटलेल्या तारा सांध्यांत अडकून गंजाचे डाग देतात. घासून झाल्यावर भरपूर पाण्याने वरून खाली धुवावे आणि वायपरने पाणी ओढून घ्यावे. आम्ल भिंतीवर सोडून जाऊ नये. कॅल्शियम आणि सायट्रिक आम्ल यांचे मीठही फारसे विरघळणारे नसते, वाळले तर त्याचीच पांढरी पूड दिसते.

भिंत पूर्ण वाळल्यावर पाहावी, ओली असताना नाही. वर्षानुवर्षे न धुतलेल्या भिंतीवर साबण, क्षार, पुन्हा साबण असे पापुद्रे एकावर एक बसलेले असतात. आम्ल एका वेळी वरचे एक-दोन सोडवते. तेव्हा एका दिवसात सगळे निघेल असे धरू नये. दोन-तीन दिवसांनी पुन्हा एकदा हीच कृती करावी. नीट दोन-तीन वेळा करूनही दुधटपणा तसाच राहिला, नखाला काही येत नाही आणि लिंबाने बुडबुडे येत नाहीत, तर समजावे की थर गेला आहे आणि झिलईच खराब झाली आहे. काचेच्या दारावर हे जास्त दिसते. तिथे आणखी घासून हाती काही लागत नाही.

आता ज्या भिंती आणि फरश्यांना हे द्रावण लावायचेच नाही, त्या सांगायला हव्यात, कारण आपल्याकडच्या न्हाणीघरांत त्या सर्रास आहेत. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड आहेत, संगमरवरही त्याच कुळातला. लिंबाचा थेंब पडला तरी हे दगड बुडबुडे सोडतात आणि त्यांची चकाकी जाते. मग तो डाग पॉलिशवाल्याशिवाय निघत नाही. भिंतीला टाइल्स आणि खाली शहाबादी किंवा कोटा फरशी अशी जोडी असेल, तर फरशी आधी पाण्याने भरपूर ओली करावी, भिंतीच्या पायथ्याशी जुने टॉवेल ओले करून दाबून ठेवावेत, द्रावण फवारण्याऐवजी स्पंजने लावावे आणि धुताना फरशीवर सतत पाणी सोडत राहावे. फरशीवरचा साबणाचा थर फक्त भांड्याचे लिक्विड, गरम पाणी आणि ब्रशने काढावा. वेळ जास्त लागतो, पण दगड वाचतो. क्रोमचा मुलामा असलेल्या नळांवरही द्रावण पाच मिनिटांहून अधिक राहू देऊ नये, आणि पुसून कोरडे करावे.

या सगळ्यापेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि ती भिंतीपेक्षा माणसाशी संबंधित आहे. खोली रिकामी झाली, नवा भाडेकरू यायचा, न्हाणी पांढरी दिसते, मग बाटलीतले ॲसिड ओतून एका तासात चकाचक करून टाकायचे, ही पद्धत आपल्याकडे रूढ आहे. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते. थर झटक्यात निघतो, पण सांध्यांतले सिमेंट खाल्ले जाते, नळाचा मुलामा उडतो आणि चार बाय सहाच्या कोंडलेल्या जागेत त्याची वाफ नाकाडोळ्यांत जाते. हात भाजतात. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यांच्या प्रकरणात किरकोळ ॲसिड विक्रीवर कडक निर्बंध घातले: विक्रेत्याने नोंदवही ठेवायची, ओळखपत्र पाहायचे, अठरा वर्षांखालील कोणाला द्यायचे नाही. तरीही घरकामाची बाई किंवा सफाई करणारा माणूस हातमोज्याशिवाय, उघड्या पायांनी हे आम्ल हाताळताना आजही दिसतो. ज्याच्या घरात हे होते, त्यानेच ते थांबवायला हवे.

याहून घातक म्हणजे दोन द्रव्यांची गाठ. ब्लीचिंग पावडर आणि द्रव ब्लीच आपल्याकडे घरोघरी असते. विहिरीत टाकतात, मोरीत टाकतात. ब्लीचवर कोणतेही आम्ल पडले, मग ते टॉयलेट क्लीनर असो, व्हिनेगर असो की लिंबूसत, तर क्लोरीन वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, घसा आवळतो, खोकला सुटतो. असे झाले तर काहीही आवरत न बसता ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत यावे, दार उघडे टाकावे, आणि श्वासाचा त्रास थांबला नाही तर सरळ रुग्णालय गाठावे. अमोनिया असलेले काचेचे क्लीनर आणि ब्लीच हीसुद्धा अशीच विषारी जोडी. सांध्यांत काळी बुरशी असेल तर तिच्यासाठी ब्लीच लागू शकते, पण ते आम्लाच्या दिवशी मुळीच नाही; भिंत भरपूर पाण्याने धुऊन, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, खिडकी उघडी ठेवून. लिंबूसताचे सौम्य द्रावणही डोळ्यांत गेले तर झोंबते, म्हणून हातमोजे घालावेत आणि डोक्याच्या वरच्या उंचीवर फवारू नये. दम्याचा त्रास असलेल्याने फवारणीपेक्षा स्पंजच वापरावा.

एकदा भिंत साफ झाली की पुढचे काम फार सोपे आहे, कारण नवा थर पहिल्या आठवड्यात पातळ आणि मऊ असतो. रोजचे काम एका मिनिटाचे: शेवटच्या आंघोळीनंतर दोन मग्गे साधे पाणी भिंतीवर मारायचे आणि वायपर वरून खाली ओढायचा. या मिनिटाचा परिणाम कोणत्याही द्रावणापेक्षा जास्त आहे. पाणी भिंतीवर वाळलेच नाही तर क्षार मागे राहत नाहीत, आणि साबणाचे कण चिकटायच्या आत खाली येतात. नंतर दार-खिडकी उघडी ठेवावी किंवा एक्झॉस्ट पंखा दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा.

आठवड्यातून एकदा, ज्याला जो दिवस सोयीचा त्या दिवशी, सौम्य द्रावण वापरावे: अर्धा लिटर पाण्यात 10 ग्रॅम लिंबूसत, म्हणजे मोठ्या चमच्याने जेमतेम एक, आणि लिक्विडचे काही थेंब. ओल्या भिंतीवर लावायचे, पाच मिनिटे थांबायचे, मऊ स्पंज फिरवायचा, धुवायचे, वायपर ओढायचा. पंधरा मिनिटांत होते. त्याच द्रावणाने बादली, मग्गा आणि साबणदाणीही पुसून घ्यावी, कारण थर तिथेही बसतो. शॉवर वापरात असेल तर महिन्यातून एकदा त्याचे तोंड काढून याच द्रावणात बुडवावे, प्लास्टिकचे असेल तर अर्धा तास, क्रोमचे असेल तर पाच मिनिटेच. भोके मोकळी होतात. पातळ द्रावणात बऱ्याच दिवसांनी बुरशी धरते, म्हणून एका वेळी दोन-तीन आठवड्यांपुरतेच करावे. आणि ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नये. फवारणीच्या बाटलीवर ठळक अक्षरांत काय आहे ते लिहावे आणि ती लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी.

वसतिगृहातल्या किंवा चार जणींच्या खोलीत हे नेहमी अडते ते पाळीवर. रोजचा वायपर शेवटी आंघोळ करणारीने ओढायचा आणि आठवड्याचे काम आळीपाळीने करायचे, एवढे ठरवून दाराच्या आतल्या बाजूला कागद लावला तर वाद उरत नाहीत. शेवटी आंघोळ करणारी रोज तीच असेल, तर तिला आठवड्याच्या पाळीतून मोकळे करावे.

थर मुळातच कमी बसावा असे वाटत असेल, तर वेष्टनावरची घटकांची यादी वाचावी. सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नेलेट अशी नावे सुरुवातीला असतील तर तो खरा साबण आहे आणि जड पाण्यात थर करणारच. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट असे नाव पहिले असेल, तर ती डिटर्जंटची सौम्य वडी आहे; बहुतेक बॉडीवॉशही डिटर्जंटचेच असतात. यांचा थर जवळजवळ होत नाही. महाग मात्र पडतात, आणि क्षारांचे ठिपके त्यांनी थांबत नाहीत. रिठा आणि शिकेकाई यांचा फेसही कॅल्शियमने बिघडत नाही. पावसाळ्यात पागोळ्यांखाली धरलेले पाणी हे आपल्याला मिळणारे सगळ्यात मृदू पाणी; ज्यांना शक्य आहे त्यांनी भिंतीवरचे शेवटचे दोन मग्गे त्या पाण्याचे मारावेत, ठिपके अजिबात राहत नाहीत. संपूर्ण इमारतीसाठी मिठावर चालणारे सॉफ्टनर बसवता येते. ते कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडते, त्यामुळे साबणाचा थर आणि गिझरमधली चुनखडी दोन्ही थांबतात. पण त्यातली राळ ठरावीक दिवसांनी मिठाच्या पाण्याने धुवावी लागते, ते खारे पाणी कुठे सोडायचे याचा विचार करावा लागतो, आणि देखभाल करणारा माणूस हवा. चार खोल्यांच्या घराला हा खटाटोप परवडत नाही. साठ-सत्तर मुलींच्या वसतिगृहाला परवडू शकतो.

सावंगीतल्या खोलीमालकांना म्हणून एक विनंती. खोली दाखवताना न्हाणीघरात एक खिळा ठोकून त्यावर वायपर टांगून ठेवा, खिडकी अडवून ठेवू नका, आणि भाडेकरू बदलताना ॲसिडची बाटली आणू नका. पाव किलो लिंबूसतात अशी न्हाणी साधारण पाच महिने साफ राहते.